फोटोतला बांगडा

सकाळी मावशींचा व्हॉट्सअॅपवर फोटो येतो: निळ्या ताडपत्रीवर ओळीनं मांडलेले बांगडे, बाजूला बर्फ, खाली भाव. बाजारात मासा दाबून, नाकाला लावून घेतलेल्या माणसाची इथं पंचाईतच होते. दाबता येत नाही, वासही येत नाही. उरतात फक्त डोळे.

आपली नजर आधी रंगावर जाते, आणि फसतो तो रंगच. निळी ताडपत्री दिसली की फोनचा कॅमेरा निळेपणा कमी करायला जातो आणि सगळंच तांबूस करून टाकतो. त्यात तपकिरी पडलेले कल्लेही लालसर दिसतात. म्हणून मी आधी बर्फ बघतो. तो पांढरा दिसत असेल, तर कल्ल्यांच्या लालीवर थोडा भरवसा ठेवता येतो. पिवळट दिसला, तर ती लाली कॅमेऱ्याची. ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात आणि त्यांवरचा चिकटा पाण्यासारखा स्वच्छ असतो. रक्तातल्या लोहावर हवेचा परिणाम होत जातो तसे ते तपकिरी, मग राखाडी पडतात.

रंगापेक्षा आकार खरं बोलतो. ताज्या माशाचा डोळा बाहेर फुगलेला असतो. पुढे तो सपाट होतो, नंतर खोल जातो. हे समोरून काढलेल्या फोटोत कळत नाही, बाजूनं काढलेल्यात लगेच कळतं. बांगड्याची आणखी एक गंमत आहे. त्याच्या डोळ्याच्या पुढच्या-मागच्या बाजूला चरबीची झिरझिरीत पापणी असते, त्यामुळे ताजा बांगडाही कडेनं धुरकट दिसतो. मधलं बुबुळ काळंभोर आहे का, तेवढंच बघायचं. तरी बर्फाला थेट चिकटलेला डोळा ताज्या माशाचाही पांढुरका होऊ शकतो. म्हणून एकट्या डोळ्यावरून निकाल देऊ नये.

अंगाच्या चकाकीला मी फारसा मान देत नाही, दोन मुठी पाणी शिंपडलं की ती येतेच. पोट मात्र बघावं. बांगड्याच्या पोटातले पाचक रस त्यालाच आतून खाऊ लागतात. पोट मऊ पडून फाटलेलं किंवा पिवळट डागाळलेलं दिसलं, तर मासा शिळा समजावा.

मागच्या आठवडी मी लिहिलं, "मावशी, एकाचा कल्ला उचलून, डोळा बाजूनं दिसेल असा, उजेडात फोटो टाका ना." दोन मिनिटांत आला. बर्फ पांढरा, कल्ले लाल, पण डोळा सपाट आणि पोटाशी पिवळी रेघ. "आज नको," म्हटलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही. बांगडा बर्फाशिवाय काही तास उन्हात राहिला, तर त्यात हिस्टामीन तयार होतं. त्यानं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. नंतर बर्फात घालून ते कमी होत नाही, आणि कितीही शिजवलं तरी जात नाही. तेव्हा फोटोबरोबर मासा बर्फात कधी घातला, तेही मावशींना विचारा.