तासातासाला पोर्टफोलिओ

पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी एक सत्तावीस वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तिला आपण मुक्ता म्हणू. मुक्ता मी रचलेली आहे, पण तिच्या गोष्टीत येणारे बाजाराचे आकडे आणि नियम खरे आहेत. तिच्यासारखी मुलंमुली आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये रोज दिसतात: जेवताना डाव्या हातात फोन, आणि फोनवर हिरवा नाहीतर लाल आकडा.

मुक्ताची गुंतवणूक साधीसुधी होती. निफ्टीच्या इंडेक्स फंडात एसआयपीने साठलेले सुमारे चार लाख, बँकेत दीड लाखाची मुदत ठेव आणि मित्रांच्या सांगण्यावरून घेतलेले पन्नास हजारांचे चार शेअर. बाजार सव्वानऊला उघडला की ती ॲप उघडायची. मग स्टँडअप मीटिंगनंतर, चहाला उठल्यावर, बिल्ड चालू असताना. साडेतीनला बाजार बंद झाला तरी हात फोनकडे जायचाच. लाल आकडा दिसला की पुढच्या अर्ध्या तासात कोड वाचलेला डोक्यात शिरत नसे.

या सवयीची किंमत ४ जून २०२४ला कळली. लोकसभा निवडणुकीची मतमोजणी सुरू होती. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला होता, आणि त्या दिवशी तो ४,३९० अंकांनी घसरून बंद झाला. निफ्टी जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ वर थांबला. मुक्ताने सकाळपासून किती वेळा ॲप उघडलं याची गणतीच नव्हती. दुपारी साडेबाराच्या सुमाराला तिने इंडेक्स फंडातले निम्मे युनिट विकायला टाकले. त्या दिवसाच्या भावाने त्यांचे दोन लाख आले.

पैसे दोन दिवसांनी बँकेत जमा झाले. तोवर बाजार सावरू लागला होता. ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला. त्या दिवशी मुक्ताने तेच दोन लाख पुन्हा त्याच फंडात टाकले आणि विकले होते त्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी युनिट तिच्या पदरात पडले. काहीच केलं नसतं तर ते दोन लाख ७ जूनला २ लाख १२ हजारांच्या वर गेले असते. तीन दिवसांत बारा हजार रुपये गेले, आणि ते बाजाराच्या पडण्याने नव्हे, मधल्या विक्रीने गेले.

रविवारी आत्या घरी आली होती. तिची सगळी नोकरी बँकेत गेलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तू तासातासाला जे बघतेस ना, त्यातलं तासाभरात बदलतं काय?"

मुक्ताला उत्तर माहीत नव्हतं. तिने शोधलं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. म्युच्युअल फंडाच्या एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, दिवसातून एकदाच ठरते. बाजार बंद झाल्यावर फंडातल्या सगळ्या शेअरांची किंमत मोजतात, खर्च वजा करतात आणि नेहमीच्या इक्विटी योजनांचा एनएव्ही रात्री अकरापर्यंत जाहीर होतो. दिवसभर ॲपवर दिसतो तो आदल्या दिवशीचा आकडा. दुपारी तीनच्या आत विक्रीची विनंती दिली तर त्याच दिवशीचा एनएव्ही मिळतो. मग ती सकाळी दहाला दिलेली असो की अडीचला. म्हणजे साडेबाराच्या घाईने मुक्ताच्या हाती एक पैसाही जास्त येणार नव्हता. मुदत ठेवीत तासाभरात पाहण्यासारखं काही नसतंच. सहा लाखांपैकी दिवसा हलत होते ते फक्त पन्नास हजार, आणि त्यांच्या हेलकाव्यावरून तिने चार लाखांचा निर्णय घेतला होता.

वारंवार बघितल्याने भीती का वाढते याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याने जितकं बरं वाटतं, त्याच्या साधारण दुप्पट तोटा बोचतो. श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ साली त्याला पुढची गोष्ट जोडली: हिशोब जितक्या लवकर लवकर तपासाल, तितके तोटे जास्त वेळा दिसतील.

हे मोजून पाहता येतं. समजा बाजार वर्षाला सरासरी बारा टक्के देतो आणि त्याचा चढउतार सोळा टक्क्यांच्या आसपास आहे. मग वर्षातून एकदा पाहणाऱ्याला शंभरात सुमारे ७७ वेळा वाढ दिसेल. महिन्याने पाहणाऱ्याला ५९ वेळा. तासाने पाहणाऱ्याला जेमतेम ५१ वेळा, म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. आता तोट्याचं दुःख दुप्पट धरा. तासाच्या हिशोबात ५१ आनंदांसमोर ९८ इतकं दुःख उभं राहतं. वर्षाच्या हिशोबात ७७ समोर ४६. गुंतवणूक तीच आणि परतावाही तोच. बदललं ते फक्त पाहण्यातलं अंतर.

कळलं म्हणून सवय सुटली नाही. तिने ॲप काढून टाकलं, तर दोन दिवसांत ऑफिसच्या ब्राउझरवर तेच खातं उघडलं गेलं. मग तिने इंजिनीअरसारखा मार्ग धरला आणि नोंद ठेवायला लागली: केव्हा पाहिलं, का पाहिलं, पाहून काय केलं. तिसरा रकाना आठवडाभर रिकामाच राहिला. दुसऱ्या रकान्यात मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. कोड अडला, साहेबांचा तिरकस ईमेल आला, मीटिंग रेंगाळली की हात फोनकडे जात होता. म्हणजे बरेचदा कारण बाजारात नव्हतंच. अशा वेळी ती खाली जाऊन एक फेरी मारून येऊ लागली.

भावाच्या सूचना तिने बंद केल्या. डिमॅट खात्यातून शेअर गेल्याचा एसएमएस आणि व्यवहाराचे ईमेल मात्र चालू ठेवले, कारण ते फसवणूक लवकर पकडण्यासाठी लागतात. चार शेअर तिने हळूहळू विकून टाकले. पाहण्याचा वार शनिवार ठरवला; बाजार बंद असल्याने त्या दिवशी घाबरून विकायला टाकलं तरी भाव पुढच्या कामकाजाच्या दिवसाचाच मिळतो. काही महिन्यांनी शनिवारही महिन्यातून एकदाच येऊ लागला. बाजार जोरात पडला की जुनी ओढ अजून उठते.

विकायचं केव्हा, हेही तिने शांत असताना लिहून ठेवलं. शेअर बाजारातला हिस्सा ठरवलेल्या ७० टक्क्यांपासून पाच टक्क्यांहून जास्त ढळला, तर तो जागेवर आणायचा. आणि तीन वर्षांत लागणारा पैसा बाजारात ठेवायचाच नाही. या दोन गोष्टींसाठी सहा महिन्यांतून एकदा पाहणं पुरतं. हे सगळं दीर्घकाळ गुंतवणूक करणाऱ्यांसाठी आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये किंवा उसन्या पैशावर जो उतरला आहे, त्याला डोळे मिटून चालत नाही. त्याचा प्रश्नच निराळा.

महिन्याच्या तपासणीसाठी मुक्ता आता ॲपही उघडत नाही. पॅनवर नोंदवलेले म्युच्युअल फंड आणि डिमॅटमधले शेअर यांचं एकत्रित विवरणपत्र एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून ईमेलवर येतं. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचं येतं, व्यवहारच नसेल तर सहा महिन्यांतून एकदा. ते तुम्हाला येत नसेल, तर खात्यावर नोंदवलेला ईमेल पत्ता बरोबर आहे का ते या आठवड्यात तपासा, आणि त्याच वेळी नॉमिनीचं नावही पाहून घ्या.