हमीच्या नफ्याचा भार कोणाच्या खाती?

भागीदारीपत्रावर सह्या होताना घरातील सर्वांचे लक्ष बहुधा एकाच कलमाकडे असते : नफ्यात कोणाचा हिस्सा किती? पेढीतील रुसवे मात्र या कलमातून क्वचितच उद्भवतात. भांडवलावरचे व्याज, भागीदाराचे वेतन आणि नव्या भागीदाराला दिलेली किमान नफ्याची हमी या तीन गोष्टी एकत्र आल्या की वर्षअखेरीस नफा वाटणीचे खाते मांडताना पहिला प्रश्न उभा राहतो.

हे खाते नफा-तोटा खात्याच्या पुढचे आहे. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, बँकेचे व्याज हे सारे खर्च नफा-तोटा खात्यातच वजा होतात. एखाद्या भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त पेढीला कर्जाऊ रक्कम दिली असेल, तर तिचे व्याजही तेथेच जाते, कारण ते देणे आहे. नफा झाला वा न झाला तरी ते द्यावेच लागते. हे सर्व फिटल्यावर उरलेला निव्वळ नफा वाटणी खात्याच्या जमा बाजूस येतो आणि नावे बाजूस तो भागीदारांत विभागला जातो.

भागीदारीपत्र मुके असेल तेव्हा १९३२ चा भागीदारी कायदा बोलतो. त्याच्या कलम १३ नुसार भागीदाराला कामाचा मोबदला नाही, नफा-तोटा सर्वांत समान, आणि कर्जाऊ रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज. भांडवलावर व्याज ठरलेले असले तरी ते केवळ नफ्यातूनच द्यायचे. म्हणून वीस लाख गुंतवणाऱ्या आणि रोज दहा तास गादीवर बसणाऱ्या भागीदारांना वेगळे काही मिळावे, असे वाटत असेल तर ते लिहूनच ठेवावे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सुताच्या एका पेढीत थोरल्या बंधूंचे भांडवल २० लाख, धाकट्या बंधूंचे १० लाख आणि नव्याने घेतलेल्या भाच्याचे ४ लाख रुपये आहे. भांडवलावर १० टक्के व्याज ठरले आहे. धाकट्या बंधूंना महिना १५,००० आणि पूर्ण वेळ काम पाहणाऱ्या भाच्याला महिना २०,००० रुपये वेतन आहे. नफ्याचे प्रमाण ५:३:२ असून भाच्याच्या वाट्याला वर्षाला किमान १,८०,००० रुपये येतील, अशी हमी दोघा मामांनी दिली आहे. या वर्षी निव्वळ नफा १२,६०,००० रुपये झाला.

प्रथम व्याज : २,००,०००, १,००,००० आणि ४०,०००, एकूण ३,४०,०००. मग वेतन : १,८०,००० आणि २,४०,०००, एकूण ४,२०,०००. उरले ५,००,०००. ठरल्या प्रमाणात त्याचे भाग पडतात २,५०,०००, १,५०,००० आणि १,००,०००. भाच्याच्या वाट्यात हमीपेक्षा ८०,००० रुपये कमी आहेत. ही तूट दोघे मामा आपसांतील ५:३ या प्रमाणात सोसतात, म्हणजे थोरले ५०,००० आणि धाकटे ३०,०००. तेवढी रक्कम त्यांच्या खात्यांना नावे आणि भाच्याच्या खात्याला जमा होते.

शेवटी प्रत्येकाच्या हाती काय आले, ते असे :

| भागीदार | व्याज | वेतन | नफा | एकूण |
|---|---|---|---|---|
| थोरले बंधू | २,००,००० | – | २,००,००० | ४,००,००० |
| धाकटे बंधू | १,००,००० | १,८०,००० | १,२०,००० | ४,००,००० |
| भाचा | ४०,००० | २,४०,००० | १,८०,००० | ४,६०,००० |

ज्याचे भांडवल सर्वांत कमी, त्याची प्राप्ती सर्वांत अधिक! हिशेबात चूक नाही. वेतन हे श्रमाचे आणि हमी हे दिलेल्या वचनाचे फळ आहे. पण हा तक्ता सही करण्यापूर्वी कोणी मांडून पाहिला नसेल, तर वर्षअखेरीस तो पाहताना मने दुखावतात.

पुष्कळ मुनीम येथे एक जवळची वाट धरतात. हमीचे १,८०,००० आधी बाजूला काढायचे आणि उरलेले ३,२०,००० दोघा बंधूंत ५:३ वाटायचे. उत्तर तेच येते; परंतु ते जुळते ते केवळ तूटही त्याच प्रमाणात सोसायची असल्यामुळे. हमी एकट्या थोरल्यांनी दिली असती, तर त्यांच्या नफ्याचा वाटा १,७०,००० झाला असता आणि धाकट्यांचे १,५०,००० अबाधित राहिले असते. जवळच्या वाटेने मात्र धाकट्यांच्या ३०,००० रुपयांवर त्यांच्या नकळत पाणी पडते. म्हणून आधी मूळ प्रमाणात वाटणी, मग तूट, मग तुटीची आकारणी हाच क्रम पाळावा. खात्यात ‘तूट’ अशी वेगळी नोंद दिसत नसेल, तर ही वाट धरली गेली असावी, असे समजून विचारणा करावी.

दुसरा गोंधळ शब्दांचा. ‘भाच्यास वर्षाला किमान १,८०,००० रुपये मिळतील’ एवढेच लिहिले, तर त्यात व्याज आणि वेतन धरायचे की नाही? धरले, तर भाच्याला हमीविनाच ३,८०,००० मिळत होते; हमी कामी आलीच नसती. न धरल्यास पेढीचा नफा १६,६०,००० होईपर्यंत दरवर्षी मामांना तूट भरावी लागेल, कारण तेवढा नफा झाला तरच व्याज-वेतन वजा जाता ९,००,००० उरतात आणि त्याचा पाचवा हिस्सा १,८०,००० होतो. ‘व्याज व वेतन वगळून’ या तीन-चार शब्दांवर या वर्षी ८०,००० रुपये अवलंबून होते.

तिसरी कसोटी मंदीची. समजा, पुढील वर्षी नफा केवळ ३,८०,००० झाला. व्याज आणि वेतन मिळून ७,६०,००० द्यायचे आहेत. दोन्ही नफ्यातूनच द्यायचे ठरले असेल, तर प्रत्येक बाब निम्म्याने मिळते आणि वाटायला काहीच उरत नाही. हमी मात्र संपत नाही. पूर्ण १,८०,००० मामांवर येतात : थोरल्यांवर १,१२,५०० आणि धाकट्यांवर ६७,५००. थोरल्यांना व्याजाचे १,००,००० मिळून वर १२,५०० भांडवलातून द्यावे लागतात. धाकट्यांकडे व्याज आणि वेतन मिळून आलेल्या १,४०,००० पैकी ७२,५०० उरतात. भाच्याला ३,२०,००० मिळतात. वेतन नफा असो वा नसो द्यायचेच, असे लिहिलेले असते, तर चित्र आणखी वेगळे झाले असते.

आयकराचे गणित याहून निराळे आहे. तेथे भांडवलावरील व्याजाची वजावट वर्षाला १२ टक्के साध्या व्याजापर्यंतच मिळते, आणि भागीदारांच्या वेतनालाही नफ्यानुसार मर्यादा आहे. ती वजावट कमी मिळाली, म्हणून भागीदारांतील वाटणी बदलत नाही.

तेव्हा हमीचे कलम लिहिताना चार उत्तरे स्पष्ट असावीत : हमीत व्याज-वेतन धरले आहे काय, तूट कोणी आणि कोणत्या प्रमाणात सोसायची, तोट्याच्या वर्षी हमी लागू राहील काय, आणि ती किती वर्षांची आहे. त्यानंतर एक चांगले आणि एक वाईट वर्ष कल्पून दोन्ही तक्ते कागदावर मांडावेत. तेवढ्याला एक दुपार पुरते, आणि सह्या त्यानंतर व्हाव्यात.