ओढ्याच्या गोंगाटातून एक शीळ

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याकाठी पहाटे रेकॉर्डर लावून ठेवला, तर तासाभराच्या ध्वनिमुद्रणात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते पाणी. त्यावर रातकिडे, मग उजाडताच बुलबुल, मधूनच लांबच्या रस्त्यावरचा ट्रक. आणि या सगळ्यात कुठेतरी शीळकरी कस्तुराची ती माणसासारखी, बेफिकीर शीळ. ती एकटी बाहेर काढायची असेल तर तासभर कान लावून बसण्यापेक्षा डोळ्यांचा उपयोग जास्त होतो.

त्यासाठी आवाजाचं चित्र काढतात. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर आवाजाची पट्टी चढते, आणि जिथे आवाज जोरकस तिथे रंग उजळ होतो. म्हणजे एका चित्रात तीन गोष्टी कळतात: आवाज कधी झाला, किती उंच होता आणि किती मोठा होता. पूर्वी हे काम फार कष्टाचं होतं. १९५०च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चाफिंच पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास सोनाग्राफ नावाच्या यंत्रावर केला. त्या यंत्रावर एका वेळी जेमतेम अडीच सेकंदांचा आवाज कागदावर उमटत असे. आज ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अख्खा तास पडद्यावर मांडता येतो. पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणाऱ्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने केलेलं रेव्हन हेही आहे, आणि त्याची साधी आवृत्ती फुकट आहे.

थोड्या सरावाने या चित्रात कोण कोण आहे ते नजरेला कळू लागतं. वारा आणि ट्रकची घरघर अगदी तळाशी, बहुतेक काही शे हर्ट्झच्या आत, गढूळ पट्ट्यासारखी पसरते. ओढा म्हणजे सगळीकडे पसरलेलं धुकं, खाली दाट आणि वर विरळ. रातकिड्यांची किरकिर वरच्या भागात आडव्या रेघेसारखी न थांबता चालू राहते. कावळा ओरडला की एकावर एक रचलेल्या रेघांची चळत दिसते, कारण त्याच्या आवाजात मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले स्वरही असतात. कस्तुराची शीळ मात्र स्वच्छ असते. एकच बारीक उजळ रेघ, वळत, चढत, उतरत जाणारी. तासाभराच्या चित्रात पाच-पाच मिनिटांचे तुकडे पडद्यावर आणून नजर फिरवली, तरी ती सापडते.

समजा ३८व्या मिनिटाला अशी सुमारे नऊ सेकंदांची शीळ दिसली आणि ती दीड ते साडेतीन हजार हर्ट्झच्या दरम्यान फिरते आहे. आता तिच्याभोवती चौकट आखायची. डावी-उजवी बाजू वेळेची, खालची-वरची बाजू आवाजाच्या उंचीची. ऑडॅसिटीत आधी ट्रॅक स्पेक्ट्रोग्राम दृश्यात न्यायचा आणि सेटिंग्जमध्ये Spectral Selection चालू आहे ना ते पाहायचं, नाहीतर चौकट फक्त वेळेची आखली जाते.

चौकट आखण्यापूर्वी चित्राची बारकाई ठरवावी लागते, आणि इथे एक देवाणघेवाण आहे. संगणक आवाजाचे छोटे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकातली उंची मोजतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात २०४८ नमुन्यांचा तुकडा घेतला, तर उंची सुमारे २३ हर्ट्झच्या बारकाईने कळते, पण वेळ ४३ मिलिसेकंदांपेक्षा सूक्ष्म दिसत नाही. तुकडा ५१२चा केला की वेळ ११ मिलिसेकंदांपर्यंत स्पष्ट होते, मात्र उंचीच्या रेघा जाड होतात. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. सावकाश वळणाऱ्या शिळेसाठी मोठा तुकडा बरा, टिकटिक करणाऱ्या पक्ष्यासाठी लहान.

नवशिक्यांची फसगत पुढे होते. ऑडॅसिटीतलं Spectral edit multi tool हे नाव पाहून वाटतं की आखलेला भाग ते जपून ठेवेल. प्रत्यक्षात ते आखलेला भागच कमी करतं. चौकटीत मोटारीचा हॉर्न असेल तर ते उत्तम, पण चौकटीत कस्तुर असेल तर कस्तुरच जातो. आपल्याला उलट हवं आहे: चौकटीबाहेरचं काढायचं. म्हणून आधी शिळेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेकंद सोडून वेळेचा तुकडा नव्या फाईलमध्ये घ्यायचा. मग त्यावर High-Pass Filter १२०० हर्ट्झला आणि Low-Pass Filter ४२०० हर्ट्झला लावायचा. उतार २४ डेसिबल ठेवला तर १२००च्या निम्म्यावर, म्हणजे ६०० हर्ट्झला, आवाज सुमारे २४ डेसिबलने खाली येतो. ट्रकची घरघर गेली, वरचे बहुतेक रातकिडे गेले. शीळ दीड हजारापासून असूनही गाळणी १२००ला लावली, कारण कडेला चिकटून कापलं की शिळेची टोकं दबतात.

आता ऐका. ट्रक नाही, किरकिर नाही, पण ओढा आहेच. याची अनेकांना निराशा वाटते, आणि इथेच या पद्धतीची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. चौकट म्हणजे खिडकी. खिडकीच्या आत जे पाणी वाहत होतं, ते शिळेसोबतच आत राहणार. दीड ते साडेतीन हजारांमधला ओढ्याचा खळखळाट कोणतीही गाळणी शिळेपासून वेगळा करू शकत नाही. म्हणून लोभाने चौकट आणखी अरुंद केली, तर उरलेल्या गोंगाटालाच सूर आल्यासारखा वाटतो आणि शीळ नळीतून आल्यासारखी ऐकू येते. कापलेल्या फाईलचं चित्र पुन्हा उघडून पाहा. वर-खाली काळी पोकळी आणि मध्ये कडक काठांची पट्टी दिसली, तर गाळणी जास्त झाली.

बुलबुलाचंही तसंच. शिपाई बुलबुल कस्तुराच्या आधी किंवा नंतर बोलला तर वेळेच्या कडा सरकवून तो बाहेर ठेवता येतो. एकाच क्षणी पण वेगळ्या उंचीवर बोलला तर उंचीच्या कडा कामी येतात. एकाच क्षणी, एकाच उंचीवर दोघे आले की चौकटीचा उपाय संपला. त्यावर माझ्या मते एकच शहाणपणाचा मार्ग आहे: त्याच तासात दुसरी शीळ शोधायची. एखादा पक्षी पहाटभर गातो, त्यात बुलबुल गप्प असताना गायलेली एक तरी ओळ बहुधा सापडतेच. गाळण्यांशी अर्धा तास झगडण्यापेक्षा चित्रावर पुन्हा पाच मिनिटं नजर फिरवलेली बरी.

आणखी एक जागा जपायला हवी. दरीत गाणाऱ्या पक्ष्याच्या शिळेला प्रतिध्वनीची शेपटी असते. चित्रात ती रेघेमागे फिकट होत जाणाऱ्या धुरासारखी दिसते. कडा तिच्या मध्येच आली तर आवाज तोडल्यासारखा थांबतो. शेपटी पूर्ण विरू द्यायची आणि दोन्ही टोकांना थोडा फेड द्यायचा, म्हणजे टक् असा आवाज येत नाही.

हे सगळं ऐकवण्यासाठी, शिकवण्यासाठी, मोबाईलवर वाजवण्यासाठी. संग्रहाला देताना मात्र नियम उलटे आहेत. कॉर्नेलचं मॅकॉले ग्रंथालय पक्ष्याच्या आवाजाआधी आणि नंतर तीन सेकंद राखायला सांगतं, आवाजाची कमाल पातळी उणे ३ डेसिबलवर आणायला सांगतं, पण गाळणी लावू नका असं बजावतं. अभ्यासकाला तो ओढाही हवा असतो, कारण पक्षी कुठे आणि कशाच्या गोंगाटात गात होता हे त्यातूनच कळतं. तेव्हा कापलेली फाईल कितीही गोड वाटली तरी मूळ तासभराचं ध्वनिमुद्रण पुसू नका. ते तारीख, वेळ आणि जागेच्या नावासह वेगळं ठेवा, आणि गाळलेल्या प्रतीच्या नावातच ती गाळलेली आहे असं लिहून ठेवा.