पंधरा हजारांची मर्यादा आणि निवृत्तीचा पाया

पुण्यात निवृत्तीच्या पैशाची चर्चा बहुधा टक्क्यांवर येऊन थांबते. कोणती ठेव किती देते, कोणत्या फंडाने गेल्या वर्षी किती दिलं, एवढाच हिशेब होतो. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना मात्र टक्क्यांपलीकडचा प्रश्न फार महागात पडून कळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपला. मधल्या साडेनऊ वर्षांत अनेक ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी अडकून राहिली. निवृत्तीनंतर जगण्याचा खर्च ज्या पैशातून भागवायचा, तो पैसा कोणाकडे आहे आणि कोणत्या नियमाने बांधलेला आहे, हे व्याजदराच्या आधी पाहायला हवं. या कसोटीवर नोकरदारासाठी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आणि त्यावर स्वेच्छेने भरायची जादा वर्गणी, म्हणजे पीएफ आणि व्हीपीएफ, हाच निवृत्तीच्या बचतीचा गाभा असावा, असं माझं मत आहे. पण हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच पगारदारांचा हा गाभा ते समजतात त्यापेक्षा खूपच लहान असतो.

कारण पगारपत्रकात दडलेलं आहे. १९५२ च्या कायद्याखालील योजनेत कर्मचारी बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरतो, मालकही तेवढेच भरतो. मात्र सप्टेंबर २०१४ पासून सक्तीची वेतनमर्यादा दरमहा १५,००० रुपये आहे आणि त्याहून जास्त बेसिकवर वर्गणी भरण्याचं बंधन कंपनीवर नाही. समजा, ३२ वर्षांच्या एका कर्मचाऱ्याचं बेसिक ५०,००० रुपये आहे आणि तो पहिल्या नोकरीपासून पेन्शन योजनेचा सदस्य आहे. कंपनीने पूर्ण बेसिकवर वर्गणी धरली, तर त्याचे ६,००० आणि मालकाचे ६,००० जमा होतात. मालकाच्या वाट्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि पीएफ खात्यात एकूण १०,७५० रुपये राहतात. कंपनीने १५,००० ची मर्यादा धरली, तर दोघांचे मिळून ३,६०० होतात आणि पेन्शनचे १,२५० वगळता खात्यात दरमहा फक्त २,३५० रुपये पडतात. पेन्शनचा वाटा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे सगळी कात्री पीएफलाच लागते.

फरक दरमहा ८,४०० रुपयांचा आहे. तो कुठे हरवत नाही. त्यातले निम्मे कर्मचाऱ्याच्या न कापलेल्या वर्गणीचे आणि उरलेले मालकाच्या वाट्याचे, जे सीटीसीच्या पद्धतीत बहुधा विशेष भत्ता म्हणून हातात येतात आणि करपात्र होतात. हातात आलेला पैसा घरखर्चात मिसळतो. वर्षाला ८ टक्के व्याज धरलं आणि पगारवाढ अजिबात धरली नाही, तर २,३५० रुपयांच्या मासिक जमेचे ५८ व्या वर्षी सुमारे २३ लाख होतात आणि १०,७५० रुपयांचे सुमारे १ कोटी ७ लाख. महागाई ५ टक्के धरली, तर आजच्या पैशात पहिली रक्कम साडेसहा लाखांच्या आसपास आणि दुसरी तीस लाखांच्या आसपास भरते. तीस लाखही पुण्यात म्हातारपण काढायला पुरेसे नाहीत, पण साडेसहा लाखांवर तर कुठलाच आराखडा उभा राहत नाही.

ही तूट भरून काढण्याचा मार्ग म्हणजे व्हीपीएफ. कर्मचारी आपल्या वाट्याची वर्गणी वाढवून बेसिक आणि महागाई भत्त्याच्या पूर्ण रकमेपर्यंत नेऊ शकतो. मालकाला त्यात भर घालावी लागत नाही, पण व्याज त्याच दराने मिळतं. त्यासाठी कंपनीच्या पेरोल विभागाला लेखी कळवायचं असतं. बऱ्याच कंपन्या ही संधी एप्रिलमध्येच देतात, म्हणून मार्चमध्येच चौकशी केलेली बरी. किती भरायचं याची नैसर्गिक सीमा करकायद्यानेच आखून दिली आहे. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वर्षभरातल्या अडीच लाखांपर्यंतच्या वर्गणीवरचं व्याज करमुक्त आहे, त्यावरच्या वर्गणीचं व्याज करपात्र आहे. म्हणजे सक्तीची आणि ऐच्छिक मिळून दरमहा सुमारे २०,८०० रुपये. वरच्या उदाहरणातल्या माणसाने ८,४०० रुपये व्हीपीएफ सुरू केला, तरी त्याची स्वतःची वर्गणी वर्षाला १ लाख २२ हजारच होते. नव्या करप्रणालीत या वर्गणीवर वजावट मिळत नाही, हे खरं. पण व्याजाची करमुक्ती शाबूत आहे आणि खरा फायदा तिथेच आहे. तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला ७ टक्क्यांच्या बँक ठेवीतून उपकरासह कर वजा जाता पाच टक्केही हाती लागत नाहीत. पीएफचा दर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत ८.२५ टक्के होता.

यावर पहिला आक्षेप असा की हा दर कायमचा नाही. तो बरोबर आहे. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं १२ टक्के मिळाले, २०२१-२२ मध्ये ८.१ वर उतरले. दर दरवर्षी विश्वस्त मंडळ सुचवतं आणि अर्थखात्याची संमती लागते. म्हणूनच हिशेब ८ टक्क्यांनी करावा, त्याहून कमीनेही करून पाहावा. पण दर उतरला तरी आधी जमा झालेलं व्याज परत जात नाही, आणि गाभ्याकडून हीच अपेक्षा असते. दुसरा आक्षेप शेअर बाजाराचा. पंचवीस वर्षांत चांगला इक्विटी फंड पीएफला मागे टाकू शकतो, हे मी नाकारत नाही. मात्र निवृत्तीच्या आदल्या वर्षी बाजार कोसळला तर दोन-तीन वर्षांचा घरखर्च कुठून आणायचा, याचं उत्तर इक्विटीकडे नाही. पाया भक्कम असला की उरलेला पैसा बाजारात निर्धास्तपणे ठेवता येतो आणि पडत्या बाजारात घाईने विकावा लागत नाही. व्हीपीएफने इक्विटीची जागा घ्यावी, असं म्हणणं नाही. अडीच लाखांच्या रेषेपलीकडचा पैसा तर तिकडेच जावा.

तिसरा आक्षेप, पैसा अडकतो हा, मला उलट दिशेने खरा वाटतो. पीएफ फार सहज बाहेर येतो आणि पुण्यासारख्या नोकऱ्या बदलणाऱ्या शहरात गाभ्याला खरं भगदाड तिथेच पडतं. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात फॉर्म १९ भरून काढलेले चार लाख ३२ व्या वर्षी मोठे वाटत नाहीत, पण ८ टक्क्यांनी ५८ व्या वर्षी तेच साडेएकोणतीस लाख झाले असते. सलग पाच वर्षांची सेवा नसेल तर त्या रकमेवर करही बसतो. सोबत फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसेही काढले, तर पेन्शनच्या हक्काला लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचं आणि २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवण्याचं ठरवलं. त्यावर पगारदारांत बरीच नाराजी उमटली. मला तो निर्णय सदस्याच्या हिताचा वाटतो, कारण हा पैसा निवृत्तीसाठीच राखलेला आहे.

नोकरी बदलताना रक्कम न काढता नव्या खात्यात वर्ग करावी. ते न होण्याची कारणं ठरलेली असतात: आधीच्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नसते, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळत नाही, किंवा नव्या कंपनीने दुसराच यूएएन काढलेला असतो. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर त्याच्याकडून परिशिष्ट के नावाचं हिशेबपत्रक यावं लागतं आणि ते अनेकदा रखडतं. हे सारं पासबुक आणि सेवा-इतिहास उघडला की दिसतं. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली जायला हवी. पगारपत्रकात कपात आहे पण पासबुकात नोंद नाही, असं दोन महिने दिसलं तर आधी पेरोलला लेखी विचारावं आणि उत्तर आलं नाही तर भविष्य निधी कार्यालयात तक्रार करावी. कंपनी अडचणीत असल्याची ही अनेकदा पहिली खूण असते आणि नोकरी सोडल्यावर त्या पैशाचा पाठपुरावा कितीतरी अवघड होतो.

शेवटच्या टप्प्यातही एक सावधगिरी लागते. ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्याच्या खात्यावर आणखी तीन वर्षं व्याज मिळतं, पण नोकरी संपल्यानंतरचं हे व्याज करपात्र असतं आणि तीन वर्षांनंतर खातं निष्क्रिय होऊन व्याज थांबतं. त्यामुळे निवृत्तीच्या वर्षीच ही रक्कम कुठे न्यायची हे ठरवायला हवं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवले, तर त्यासाठी साठी पूर्ण होण्याचीही वाट पाहावी लागत नाही.