गर्डर उभाच का ठेवतात?

दुकानात पोटमाळा काढायचा आहे. दोन भिंतींमध्ये 4 मीटरचं अंतर आहे आणि गर्डरवर एकूण 1200 किलो भार सारखा पसरणार आहे. त्यासाठी 200 मिलिमीटर उंचीचा आय बीम आणला. मीटरमागे त्याचं वजन सुमारे 25 किलो भरतं. तो उभा ठेवला, तर मधोमध जेमतेम अडीच मिलिमीटर वाकेल. तोच आडवा पाडला, तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास झोल येईल. तेवढ्याच वजनाची भरीव चौकोनी सळई घातली असती, तर ती 6 सेंटिमीटर वाकली असती. पोलाद तेच, वजनही तेच. बदलली ती फक्त पोलादाची जागा.

तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. बरोबर मध्यावर दाबही नसतो, ताणही नसतो. म्हणून तिथलं पोलाद वाकण्याला फारसा विरोध करत नाही. आय बीममध्ये हे ओळखून बहुतेक पोलाद वरखालच्या फ्लँजमध्ये, म्हणजे आडव्या पट्ट्यांत ठेवलेलं असतं. मधली पातळ उभी पट्टी म्हणजे वेब. ती दोन्ही फ्लँजना एकमेकींपासून दूर धरते आणि भार आधारापर्यंत पोचवते.

चॅनलमध्ये वेब एका कडेला असतो. 200 मिलिमीटरचा चॅनल उभा ठेवला, तर तो आय बीमपेक्षा फार जास्त वाकत नाही, पण पिळतो. कारण ज्या रेषेवर भार आला तर पीळ बसणार नाही, ती रेषा वेबच्या पाठीमागे, पोलादाच्या बाहेर हवेत असते. फ्लँजवर ठेवलेला भार त्या रेषेपासून बाजूला पडतो आणि चॅनल हळूहळू कलतो. म्हणून एक तर त्याला आडवे टेकू देऊन बांधतात, नाहीतर दोन चॅनल पाठीला पाठ लावून जोडतात. सपाट पाठीमुळे भिंतीला किंवा खांबाला बोल्ट मारायला मात्र तो आय बीमपेक्षा सोयीचा.

अँगल तुळई म्हणून कमकुवत. त्याचं खरं काम छताच्या कैच्यांत आणि विजेच्या मनोऱ्यांत. तिथे प्रत्येक तुकडा मुख्यतः लांबीच्या दिशेने ओढला किंवा दाबला जातो आणि दोन सपाट पायांमुळे सांधे सोपे होतात. ओढ तो उत्तम सोसतो. दाबाखाली मात्र लांब अँगल तिरक्या अक्षाभोवती वाकून निसटतो. 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचा अँगल दाब घेणार असेल, तर नेहमीच्या भारतीय संकेतानुसार त्याची आधारांमधली परिणामी लांबी पावणेदोन मीटरच्या आत ठेवतात.

साइटवर घात होतो तो गॅसकटरने. पाइप न्यायला वेबच्या मध्यावर लहान गोल भोक पाडलं, तर बहुधा निभावतं, मात्र तेही आधारापासून दूर हवं आणि इंजिनिअरला विचारूनच पाडायला हवं. तोच पाइप नेण्यासाठी गाळ्याच्या मधोमध खालच्या फ्लँजला खाच मारली, तर जिथे ताण सर्वांत जास्त असतो, नेमकं तिथलंच पोलाद निघून जातं.