मा. डॉ. बिराजदार सर, सविनय नमस्कार

जुलैअखेर एम.एस्सी.चे प्रवेश आटोपले की आमच्या कॉलेजमधून पदवी घेऊन गेलेल्या मुली एखाद्या दुपारी परत येतात. कुणाला सही हवी असते, कुणाला शिफारसपत्र. गेली काही वर्षं त्यात एका कामाची भर पडली आहे. "मॅडम, सरांना मेल करायचाय, जरा बघता का?" मी मराठी शिकवते, त्यामुळे विषय त्यांचा आणि भाषा माझी अशी आमची वाटणी होते.

यंदा आलेल्या मुलीचं नाव बदलून मी तिला स्वाती माळी म्हणते. ती वैराग भागातली. बी.एस्सी. प्राणिशास्त्रात झालं आणि आता सोलापूरच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. तिला तो तलावांवर करायचा होता. विभागात तलावांवर काम करणारे एक प्राध्यापक आहेत, त्यांना आपण बिराजदार म्हणू. वर्गात त्यांचा पहिला तास व्हायच्या आधीच आपली ओळख कळवावी, असं तिच्या मनात होतं.

तिने आणलेला मजकूर असा होता: "महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, मी कु. माळी स्वाती दत्तात्रय आपल्या विभागात शिकत असून मला आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाची नितांत आवश्यकता आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी." 'वरील विषयास' म्हटलं होतं, पण विषयाची ओळ कोरीच होती. मेल तसाच गेला असता तर सरांच्या यादीत त्या जागी `(no subject)` दिसलं असतं.

हा मजकूर आळसातून आलेला नाही. शब्द न् शब्द तिने जपून लिहिला होता. आमच्या मुलींना लिहिण्याच्या दोनच तऱ्हा सरावाच्या असतात. एक व्हॉट्सअॅपची, जिथे "हाय सर, एक काम होतं" एवढं टाकून उत्तराची वाट बघायची. दुसरी अर्जाची, जी शिष्यवृत्ती, बसचा पास, बोनाफाईड आणि फी माफी यांसाठी शाळेपासून हातात बसलेली असते. अर्ज कचेरीला जातो. तिथे अर्जदार कोण, यापेक्षा कागद नमुन्यात आहे की नाही हे महत्त्वाचं. शिक्षकाला पहिल्यांदा लिहिताना नेमकं उलटं असतं, समोरच्याला अर्जामागचा माणूसच जाणून घ्यायचा असतो. स्वातीच्या त्या मजकुरातून तिचं नाव काढून दुसरीचं घातलं असतं, तर एकही शब्द बदलावा लागला नसता. दोष तिथे होता. आदर भरपूर होता, माहिती काहीच नव्हती.

म्हणून आधी लिहिणं बाजूला ठेवलं आणि मी तिला विचारत गेले. बी.एस्सी.ला काय केलंस? तिसऱ्या वर्षी गावच्या पाझर तलावातले प्राणी-प्लवक मोजले, म्हणाली. कसे? जाळीने पाणी गाळून, नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली. काय दिसलं? इथे ती थांबली आणि मग पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. मार्चनंतर पाणी उतरलं तेव्हा रोटिफर एकदम वाढले होते. ऊन वाढलं म्हणून की पाणी आटून क्षार वाढले म्हणून, हे तिला सांगता आलं नव्हतं, कारण क्षार मोजायची सोय नव्हती. "हे लिहिलंस का?" "नाही मॅडम, हे तर माझं अपुरं राहिलेलं काम." पण तलावांवर काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी वाचावंसं वाटेल ते हेच अपुरं काम. त्यात प्रश्न आहे, आणि तो तिने स्वतः पाण्यात उतरून मिळवलेला आहे.

मग संबोधन. यावर आमचा बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. 'महोदय' अर्जातलं, ते नको. 'डिअर बिराजदार' असं नुसतं आडनाव मराठी कानाला तुटक लागतं आणि 'डिअर सर'मधून नेमके कोणते सर ते कळत नाही. 'रिस्पेक्टेड सर' चुकीचं नाही, आपल्याकडे ते रुळलेलं आहे, पण मराठीत लिहायचं ठरवल्यावर त्याची गरज उरत नाही. 'मा. डॉ. बिराजदार सर' यात मान आहे, नाव आहे आणि विद्यार्थिनी तोंडाने जशी हाक मारते तीही आहे. 'डॉ.' मात्र खात्री करूनच लावावं. विभागाच्या पानावर नाव कसं छापलंय ते बघायचं. पीएच.डी. नसलेल्या शिक्षकाला 'डॉ.' लावलं तर त्याला अवघडल्यासारखं होतं. शंका असेल तर 'प्रा.' लिहावं, ते कुणालाच खटकत नाही. नुसत्या आद्याक्षरांवरून सर की मॅडम हेही ठरवू नये.

सोलापुरात आडनावाकडे आणखी लक्ष द्यावं लागतं. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही घरांतले शिक्षक इथे शिकवतात, आणि रोमन अक्षरांत छापलेलं त्यांचं आडनाव देवनागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ नि 'ट' की 'त' हे हमखास चुकतं. विभागाबाहेरची पाटी मराठीत असते, ती बघून यावं किंवा वरच्या वर्गातल्या कुणाला विचारावं. नाव चुकलं की पुढच्या सगळ्या नम्रतेचं वजन कमी होतं.

'सविनय नमस्कार' एकदाच, वेगळ्या ओळीवर. त्यापुढे आदर विशेषणांत शोधायचा नाही, क्रियापदांत सांभाळायचा. 'आपण' धरलं तर शेवटपर्यंत 'आपण'. मध्येच 'तुम्ही' आलं की वाचणारा अडखळतो. आमच्या भागात बोलताना "सर, तुम्ही म्हणले होते" सर्रास चालतं, बोलीत मला ते गोडही वाटतं. लेखी मजकुरात मात्र 'आपण म्हणाला होतात' हवं. 'मौल्यवान मार्गदर्शन' आणि 'नितांत आवश्यकता' काढल्यावर स्वाती जरा घाबरली. उद्धट वाटेल का? मी तिला नव्या मजकुरातलं विनंतीचं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं: 'पंधरा मिनिटे भेटायला आले तर चालेल का?' यात उद्धट काय आहे, तिचं तिलाच सापडेना.

शेवटी जे उभं राहिलं ते असं:

विषय: एम.एस्सी. भाग १, प्राणिशास्त्र: तलावातील प्लवकांच्या प्रकल्पाबद्दल भेट

मा. डॉ. बिराजदार सर,
सविनय नमस्कार.
मी स्वाती दत्तात्रय माळी. यंदा एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आमच्या गावच्या पाझर तलावातील प्राणी-प्लवक सहा महिने मोजले. मार्चनंतर पाणी उतरले तेव्हा रोटिफर एकदम वाढलेले दिसले. हे उष्णतेमुळे झाले की क्षारांमुळे, ते मला ठरवता आले नाही, कारण क्षार मोजण्याची सोय नव्हती.
दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प याच प्रश्नावर करावा असे वाटते. आपण तलावांवर काम करता, म्हणून आपल्याला विचारते. पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर पंधरा मिनिटे भेटायला आले तर चालेल का? सोमवार ते गुरुवार दुपारी तीननंतर मी विभागातच असते. येताना नोंदवही आणेन.
आपली विद्यार्थिनी,
स्वाती माळी

मोबाईलवर यादीत विषयाचे पहिले काही शब्द आणि मजकुराची सुरुवात एवढंच दिसतं, म्हणून वर्ग आणि विषय अगदी आधी घेतले. 'कु.' काढलं, कारण सरांना तिचा वर्ग कळायला हवा, लग्न झालंय की नाही ते नव्हे. गुणपत्रकांचे फोटो ती जोडणार होती, तेही थांबवले. पहिल्या पत्रात कुणी गुण मागितलेले नसतात.

मजकूर तयार झाला तरी पाठवताना दोन गोष्टी बिघडतात, आणि पाठवणाऱ्याला त्या स्वतःच्या पडद्यावर दिसत नाहीत. पहिली टंकाची. अजूनही काही जण मजकूर डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाइप करून घेतात आणि तो मेलमध्ये चिकटवतात. हे जुने टंक युनिकोड नसतात. त्यांत मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. तो टंक जिथे नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता उमटतो. फोनच्या मराठी कळफलकावर लिहिलेलं युनिकोडमध्येच असतं, ते कुठेही नीट उघडतं. स्वातीने फोनवरच लिहिलं होतं, त्यामुळे ही अडचण आली नाही.

दुसरी मात्र आली. तिचं मेलचं खातं दहावीनंतर प्रवेशअर्ज भरायच्या घाईत मोबाईलच्या दुकानात उघडलेलं होतं, भावाच्या नावाने. मी तिला आधी माझ्याच पत्त्यावर मेल पाठवायला सांगितला, तर माझ्याकडे पाठवणाऱ्याच्या जागी तिच्या भावाचं नाव! सरांना वर एका मुलाचं नाव आणि खाली स्वातीची सही दिसली असती, आणि पुढे पाठवणाऱ्याच्या नावाने शोधताना तिचा मेल सापडलाही नसता. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमधल्या `Accounts and Import` खाली `Send mail as` असतं, तिथे दिसणारं नाव बदलता येतं. आम्ही ते बदललं, पुन्हा माझ्याकडे पाठवून पाहिलं, आणि मग सरांचा पत्ता अगदी शेवटी भरला. तो शेवटी भरायची सवय चांगली, अर्धवट मजकूर चुकून जात नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मंगळवारी साडेतीनला या. नोंदवही आणा. पाणी कुठून घेत होता, काठावरून की मध्यातून?" नमस्कार नाही, सही नाही. स्वातीला वाटलं सर रागावले. रागावलेले नव्हते. असं तुटक उत्तर कामाच्या गडबडीत फोनवरून दिलेलं असतं, आणि त्यात प्रश्न असेल तर मजकूर नीट वाचला गेलाय असं समजावं. तिने त्याच मेलखाली उत्तर दिलं: "सर, नमस्कार. मंगळवारी साडेतीनला येते. नमुने काठावरूनच घेतले होते, होडी नव्हती. स्वाती." या खेपेला पूर्ण संबोधन लागत नाही, पण विचारलेल्याचं उत्तर त्याच दिवशी लागतं.

उत्तर आलंच नसतं तर मी तिला आठवडाभर थांबायला सांगितलं असतं, मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण, आणि तरीही काही नाही तर केगावला विद्यापीठाच्या विभागात जाऊन दारातूनच "सर, आत येऊ का?" असं विचारायला. हा एका जिल्ह्यापुरता चालणाऱ्या विद्यापीठाचा फायदा आहे. इथल्या मुलीला सर एसटीच्या अंतरावर असतात, आणि आधी गेलेला मेल दारातल्या त्या पहिल्या वाक्याला आधार देतो: "मी स्वाती माळी, पाझर तलावाबद्दल लिहिलं होतं ती."