नाकाच्या कडेला पापुद्रे : त्वचा कोरडी की चेहऱ्यावरचा कोंडा?

गटाच्या बैठकीत थंडीच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. नाकाच्या दोन्ही कडांना लाली येते, भुवयांमधून पांढरं-पिवळं काहीतरी गळतं, थोडी खाजही असते. मग शेजारीण सांगते, "अगं, कातडी कोरडी पडलीय, रात्री खोबरेल चोळून झोप." आपण चोळतो. सकाळी पापुद्रे दबलेले दिसतात, बरं वाटतं. दोन दिवसांनी ते पुन्हा वर येतात, कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

नाकाच्या कडा, दोन भुवयांच्या मधली जागा, कपाळावरची केसांची रेघ, कानामागची घडी आणि छातीचा मधला भाग, या जागा आठवा. आपल्या कातडीतून तेल सगळ्यात जास्त सुटतं ते इथेच. म्हणजे या जागा सहसा कोरड्या पडणाऱ्या नाहीत. तरीही इथेच पापुद्रे येत असतील, तर कारण बहुतेक वेळा कोरडेपणा नसून सेबोरिक डर्मटायटिस असतं. नाव अवघड आहे, पण आजार ओळखीचा आहे. डोक्यात होणारा कोंडा हे त्याचंच सौम्य रूप. म्हणून आपण त्याला 'चेहऱ्यावरचा कोंडा' म्हणू.

तो होतो कसा? प्रत्येकाच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची बारीक बुरशी राहते. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. कातडीतून सुटणारं तेल हे तिचं खाणं. ते खाऊन ती जे पदार्थ मागे सोडते, ते काही जणींच्या कातडीला सोसत नाहीत. मग तिथे दाह होतो, लाली येते, कातडी घाईघाईने नवी तयार होते आणि जुनी पापुद्र्यांनी गळते. यात अस्वच्छतेचा दोष नाही. हा आजार एकीचा दुसरीला लागतही नाही, त्यामुळे टॉवेल वापरला म्हणून कुणाला बोल लावू नका. थंडी, ताण आणि जागरणं यांनी मात्र तो उसळतो.

आता कोरडी त्वचा आणि हा आजार वेगळे कसे ओळखायचे? आधी जागा बघा. कोरडी त्वचा नडग्या, हात, गाल अशा उघड्या, सपाट भागांवर उलते. चेहऱ्यावरचा कोंडा घड्यांमध्ये आणि केसांच्या आसपास बसतो. मग पापुद्रा बोटावर घेऊन बघा. कोरड्या त्वचेचा पापुद्रा पिठासारखा भुरभुरीत आणि पांढरा असतो. कोंड्याचा पापुद्रा पिवळसर, थोडा चिकट, मेणासारखा लागतो. कोरड्या त्वचेत आंघोळीनंतर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, पण लाली फारशी नसते. आणि शेवटी डोकं तपासा. डोक्यात किंवा कानामागे कोंडा असेल, तर नाकाकडेचे पापुद्रे त्याचेच असण्याची शक्यता फार मोठी.

आपल्या सावळ्या रंगावर लाली कधी कधी दिसतच नाही. तिथे फिकट डाग दिसतात. ते पाहून कोड आलं असं समजून बायका घाबरतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो आणि त्यावर पापुद्रे नसतात. कोंड्याचा डाग फक्त फिकट असतो, आणि दाह शमला की काही आठवड्यांत मूळ रंग परत येतो.

तरीही समजत नसेल, तर एक आठवडा साधी पारख करा. सौम्य साबणाने तोंड धुवा आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात लावा. कोरडी त्वचा चार-सहा दिवसांत मऊ पडते. घड्यांमधली लाली आणि चिकट पापुद्रे तसेच राहिले, तर ती कोरडी त्वचा नाही असं धरा.

खरा धोका पुढे आहे. त्वचेच्या दवाखान्यात आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. वय साधारण पस्तीस, पापडाच्या गटात काम. नाकाकडेला लाली आली म्हणून महिनाभर खोबरेल लावलं. उतार नाही म्हणून दुकानातून न विचारता एक ट्यूब आणली. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ! थांबवली की पुन्हा लाली, म्हणून पुन्हा ट्यूब. असे चार महिने गेले. नंतर चुलीपुढे बसलं की गाल जळायला लागले, पुटकुळ्या आल्या, नाकावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होतं. ते दाह दाबतं, पण चेहऱ्याची कातडी पातळ करतं आणि सोडलं की लाली दुप्पट उसळते. ट्यूबवर बीटामेथाझोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर ती चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावू नका. बरेच महिने लावत असाल, तर ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कशी सोडायची ते तेच सांगतील.

त्या ताईंची ट्यूब डॉक्टरांनी बंद केली. पहिले काही आठवडे लाली वाढली, पण तसं होणार हे आधीच सांगितल्यामुळे त्या डगमगल्या नाहीत. मग मूळ आजाराचा इलाज सुरू झाला. तो साधाच असतो. डॉक्टर बहुधा २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आणि त्याच औषधाचं मलम देतात. शाम्पू आठवड्यातून दोनदा डोक्याला लावायचा, त्याचाच फेस भुवयांवर आणि नाकाच्या कडांना हलक्या हाताने फिरवायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. पाच मिनिटं ठेवायचा आणि मगच धुवायचा. इथेच बहुतेक जणी चुकतात. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मलम दिवसातून दोनदा, अगदी पातळ, डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. पोटुशी असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर ते आधी सांगा.

घरी एवढं पाळा. भुवया आणि नाकाच्या कडांना तेल लावू नका. केसांना तेल लावायचंच असेल, तर टोकांना लावा आणि कपाळावर ओघळू देऊ नका. पापुद्रे नखाने काढू नका. डाळीचं पीठ रगडू नका, लिंबू चोळू नका. दाह झालेल्या कातडीवर त्याने जखम होते.

हा आजार दोन ते चार आठवड्यांत आटोक्यात येतो, पण कायमचा जात नाही. म्हणून बरं वाटल्यावरही आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा तो शाम्पू चालू ठेवायला सांगतात. पुन्हा उसळला, तर औषध फसलं असं समजू नका. या आजाराची रीतच तशी आहे.

काही खुणा मात्र वेगळ्या आजारांच्या आहेत. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल, गालांवरची लाली उन्हाने वाढून सांधेही दुखत असतील, गोल कडेचा चट्टा पसरत असेल, किंवा पापुद्रे अंगभर झाले असतील, तर शाम्पूची वाट बघू नका. थेट सरकारी दवाखान्यात दाखवा.

पुढच्या बैठकीत कुणी नाकाकडेला तेल चोळा म्हणाली, तर तिला आधी विचारा, "डोक्यात कोंडा आहे का गं?"